साखर तीच, डोस तोच. मग लेकराचं वय का बदललं?

सेकंड एमबीबीएसला किंवा एमएस्सी मायक्रोला इम्युनॉलॉजी सुरू झाली की टी-इंडिपेंडंट आणि टी-डिपेंडंट अँटिजेनचा तक्ता येतो. दोन रकाने, सात-आठ ओळी. सगळे पाठ करतात. व्हायवात पहिल्या प्रश्नाचं उत्तर खणखणीत येतं आणि "मग बाळाला का चालत नाही?" म्हटलं की पोरं छताकडं बघतात. मी लातूरला बालरोग ओपीडीत असतो. ज्युनिअर आले की मी त्यांना तक्ता बाजूला ठेवून टायफॉइडच्या दोन लशींची माहितीपत्रकं शेजारी-शेजारी ठेवून वाचायला लावतो. हा विषय त्या दोन कागदांत जितका उलगडतो तितका मला कुठल्या प्रकरणात उलगडलेला दिसला नाही.

पहिली लस जुनी, साधी व्हीआय पॉलिसॅकराइडची. दुसरी कॉन्जुगेट, म्हणजे टायपबार-टीसीव्हीसारखी; ती हैदराबादच्या भारत बायोटेकची आहे. दोन्हींत अर्धा मिली द्रव, दोन्हींत व्हीआय पॉलिसॅकराइड २५ मायक्रोग्रॅम, दोन्ही स्नायूत द्यायच्या, दोन्हींचा डोस एकच. पण पहिलीवर लिहिलेलं असतं, वय दोन वर्षं आणि पुढं. दुसरीवर, सहा महिने आणि पुढं. फरक एवढाच की दुसऱ्या लशीत ती साखर टिटॅनस टॉक्सॉइडला रासायनिक बंधानं जोडलेली आहे.

हा फरक घरच्यांच्याही लक्षात येतो. औशाकडच्या एक आजी नातवाला घेऊन आल्या होत्या. म्हणाल्या, "डाक्टर, थोरल्याच्या येळंला दोन वर्सं थांबा म्हनले हुते की. ह्याला आत्ताच कसं टोचायलाव?" मी म्हटलं, "आजी, त्या लशीला एवढ्याशा लेकराचं अंग दाद देत नव्हतं, हिला देतंय." त्यांचं समाधान झालं. परीक्षकाचं एवढ्यावर होत नाही, म्हणून पुढचं.

व्हीआय हे साल्मोनेला टायफीचं कॅप्सूल. एकच साखर-घटक, परत परत, माळेत एकाच जातीचे मणी ओवावेत तसा. बी पेशीच्या दृष्टीनं याचा अर्थ असा की एकाच लांब रेणूवर तोच एपिटोप शेकडो वेळा आहे. तो रेणू बी पेशीवरचे अनेक रिसेप्टर एकाच वेळी पकडून एकत्र खेचतो. हे क्रॉसलिंकिंग इतकं जोरदार असतं की बी पेशी टी पेशीची वाट न बघता कामाला लागते. याला टी-इंडिपेंडंट टाइप टू म्हणतात. टाइप वन म्हणजे एलपीएससारखे अँटिजेन; ते टोल-लाइक रिसेप्टरमधून बी पेशीला थेट उठवतात आणि त्यांना नवजात बाळाच्या बी पेशीही प्रतिसाद देतात. इथं आपल्याला टाइप टूशीच काम आहे. व्हायवात हे दोन प्रकार मिसळले की पुढचं सगळं उत्तर घसरतं, कारण "बाळ टी-इंडिपेंडंट अँटिजेनला प्रतिसाद देत नाही" हे वाक्य टाइप वनला लागू पडत नाही.

टी पेशीशिवाय काम होतं, पण ते अर्धंच. मुख्यतः आयजीएम तयार होतं. मोठ्या माणसात थोडं आयजीजी, त्यातही आयजीजी-टू जास्त. जर्मिनल सेंटर नीट उभं राहत नाही, त्यामुळं अँटिबॉडीची पकड दिवसागणिक घट्ट होत जात नाही आणि टिकाऊ मेमरी बी पेशी बनत नाहीत. साधी व्हीआय लस दर तीन वर्षांनी पुन्हा घ्यावी लागते ती यामुळंच. आणि पुन्हा घेतली तरी तो बूस्टर नसतो. पातळी पहिल्यांदा जेवढी चढली होती साधारण तेवढीच परत चढते.

आता बाळ. पॉलिसॅकराइडला प्रतिसाद देण्याचं मोठं काम प्लीहेतल्या मार्जिनल झोनच्या बी पेशी करतात, आणि हा झोन साधारण दोन वर्षांपर्यंत कच्चा असतो. शिवाय बाळाच्या या पेशींवर सीडी२१ कमी असतो. कॉम्प्लिमेंटचा सी३डी हा तुकडा साखरेला चिकटतो आणि सीडी२१ त्याला धरतो. मोठ्यांमध्ये या दुसऱ्या पकडीमुळं संदेशाला जोर येतो, बाळामध्ये तो जोर मिळत नाही. म्हणजे क्रॉसलिंकिंग होऊनही संदेश उंबरठ्याच्या आतच राहतो. प्लीहा काढलेल्या रुग्णाला न्यूमोकॉकसची भीती का असते, हा प्रश्न याच धाग्याचा आहे. वेगळा पाठ करायची गरज नाही.

आईकडून नाळेतून आलेलं आयजीजी पहिले काही महिने बाळाला सांभाळतं. ते सहा महिन्यांच्या आसपास बरंच ओसरतं आणि स्वतःची क्षमता दोन वर्षांपर्यंत येत नाही. कॅप्सूलवाले जंतू नेमकी ही खिंडार गाठतात. हिमोफिलस इन्फ्लुएन्झी टाइप बीच्या बाबतीत फॉदरगिल आणि राइट यांनी १९३३ मध्येच वय आणि रक्ताची जंतुनाशक ताकद यांचा हा संबंध दाखवला होता.

आता कॉन्जुगेटकडं. नऊ महिन्यांचं बाळ घ्या. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना त्याला पेंटाव्हॅलंट मिळालेली आहे. पेंटाव्हॅलंटमध्ये टिटॅनस टॉक्सॉइड असतं, म्हणजे त्याच्याकडं टिटॅनसचे पेप्टाइड ओळखणाऱ्या टी पेशी आधीच तयार आहेत. हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल.

मांडीच्या बाहेरच्या बाजूला लस दिली. लस जवळच्या लिम्फ नोडमध्ये पोचली. तिथं व्हीआयला ओळखणारी एक बी पेशी आहे. तिनं रिसेप्टरनं साखर पकडली आणि पकडलेला रेणू आत ओढून घेतला. साखर ओढली की तिला जोडलेलं टिटॅनस टॉक्सॉइडही आत गेलं. आत एन्झाइमांनी प्रथिनाचे तुकडे केले. हे पेप्टाइड एमएचसी क्लास टूच्या खाचेत बसले आणि पेशीच्या पृष्ठभागावर आले. साखर त्या खाचेत एकटी बसत नाही. ती खाच पेप्टाइडसाठी आहे. (काही जंतूंच्या धन आणि ऋण असे दोन्ही भार असलेल्या साखरा याला अपवाद आहेत. विचारलं तरच सांगा.) आता टिटॅनसची टी पेशी आली, तिला तिचं ओळखीचं पेप्टाइड दिसलं. तिनं सीडी४० लायगँडनं बी पेशीच्या सीडी४० ला हात दिला, सायटोकाइन सोडले. बी पेशी जर्मिनल सेंटरमध्ये गेली, क्लास बदलून आयजीजी झाली, पकड घट्ट करत गेली, मेमरी सोडून गेली.

या सगळ्यात टी पेशीनं व्हीआय पाहिलंच नाही. तिला साखर ओळखता येत नाही आणि यायची गरजही नाही. तिनं टिटॅनससाठी मदत केली, पण ज्या बी पेशीला केली ती व्हीआयची अँटिबॉडी बनवणारी होती. याला लिंक्ड रेकग्निशन म्हणतात आणि सगळा विषय इथं येऊन ठरतो.

तो कळलाय की नाही हे तपासायला माझा एक ठरलेला प्रश्न आहे. साधी व्हीआय लस आणि टिटॅनस टॉक्सॉइड एकाच सिरिंजमध्ये भरून बाळाला दिलं तर? दोन्ही घटक तेच, प्रमाण तेच. बरेच जण "तेच होईल" म्हणतात. होणार नाही. व्हीआयची बी पेशी फक्त साखर ओढेल, तिच्या हाती टिटॅनसचं पेप्टाइड येणार नाही, त्यामुळं टी पेशी तिच्याजवळ थांबणार नाही. टिटॅनसच्या बी पेशींना मदत मिळेल, टिटॅनसची अँटिबॉडी वाढेल, व्हीआयची नाही. बंध हवाच.

म्हणूनच कारखान्यात या लशींची एक महत्त्वाची तपासणी असते ती मोकळ्या साखरेची. बाटलीत किती पॉलिसॅकराइड प्रथिनापासून सुटून पडलंय ते मोजतात. एकूण साखर २५ मायक्रोग्रॅम भरत असली आणि तिचा मोठा भाग सुटा असला, तर बाळाच्या हिशोबानं ती लस तेवढी साधी व्हीआयच झाली.

कल्पना नवी नाही. एव्हरी आणि गोबेल यांनी १९३१ मध्ये न्यूमोकॉकस टाइप थ्रीची साखर घोड्याच्या सीरम ग्लोब्युलिनला जोडून सशांना दिली होती आणि एकटी साखर जे करत नव्हती ते जोडलेलीनं केलं. लस म्हणून ती लेकरांपर्यंत पोचायला अर्धं शतक गेलं. हिबचा प्रवास तारखांनी बघा: फिनलंडमधल्या १९७४ च्या चाचणीत साध्या पॉलिसॅकराइडनं दीड वर्षाच्या आतल्या मुलांना संरक्षण दिलं नाही. अमेरिकेत साधी लस १९८५ मध्ये आली, दोन वर्षांच्या वरच्यांसाठी. पहिली कॉन्जुगेट १९८७ मध्ये, दीड वर्षाच्या मुलांपासून. १९९० मध्ये दोन महिन्यांच्या बाळापासून. वयाची अट कशी खाली सरकत गेली ते लक्षात ठेवलं तर तक्ता आपोआप आठवतो.

"लवकर हवंय तर साधी लस दोन वर्षांच्या आत देऊन टाकू, झाला तर फायदा" असं कुणी म्हणालं तर गप्प बसू नका. मेनिंगोकॉकस सीच्या साध्या पॉलिसॅकराइडच्या बाबतीत असं दिसलंय की ती लहानपणी दिलेल्या मुलांचा नंतरच्या डोसला प्रतिसाद उलट कमी येतो. मान्य असलेलं स्पष्टीकरण असं की आधीपासून असलेल्या बी पेशींना साखर थेट प्लाझ्मा पेशी बनवून संपवते आणि मागं नवी भरती होत नाही.

प्रतिसाद कुठल्या जातीचा आहे हे रक्तावरून कसं ओळखाल? एलायझानं व्हीआय-विरोधी आयजीजी मोजा आणि काही काळानं पुन्हा डोस दिल्यावर बघा. पातळी झपाट्यानं आणि आधीपेक्षा वर गेली तर मेमरी आहे, म्हणजे टी पेशीचा हात लागलाय. नुसत्या एकदा मोजलेल्या पातळीवरून हे सांगता येत नाही. आणि विडाल यासाठी वापरू नका. नेहमीची विडाल ओ आणि एच अँटिजेनची असते, लशीत त्यातलं काहीच नाही.

शेवटी त्या आजींनी आणखी एक विचारलं होतं, जे ओपीडीत तुम्हालाही विचारतील: "म्हंजे आता ताप यायचा न्हाई?" नेपाळमधल्या चाचणीत नऊ महिने ते सोळा वर्षांच्या मुलांत या लशीच्या एका डोसचं टायफॉइडविरुद्धचं संरक्षण ८० टक्क्यांच्या आसपास होतं, म्हणजे शंभर नाही. आणि पॅराटायफी एच्या अंगावर व्हीआय कॅप्सूलच नसतं, त्यामुळं त्या तापाला ही लस अडवत नाही. लस घेतलेल्या लेकराला पाच दिवस ताप असेल तर ब्लड कल्चर पाठवायचंच.