पेऑफ तक्त्याचं चित्र उडालेलं गणित: समतोल काढताना या चुका टाळा

परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात गंगापूर रोडवरच्या आमच्या छोट्या क्लासमध्ये एका मुलाने मोबाईल पुढे केला. कुणीतरी वर्डमध्ये चिकटवून, पीडीएफ करून, चार ग्रुपमधून फिरवलेल्या नोट्स होत्या. प्रश्न शाबूत होता, ‘खालील तक्त्यावरून नॅश समतोल काढा’ हेही होतं, आणि खाली तक्त्याच्या जागी कोरा चौकोन. "सर, हा सोडून देऊ ना?" म्हणाला.

सोडायची गरज नव्हती. चौकोनाच्या वर आणि खाली जो मजकूर उरला होता, त्यात जवळजवळ सगळं होतं. पण त्याच्या बॅचमधल्या ज्यांनी तो सोडवून पाहिला होता, त्यांच्या वह्या मी मागवल्या, आणि त्यात चुका मात्र ठरावीकच निघाल्या. त्या सांगण्याआधी प्रश्न पाहू. नॅश समतोल म्हणजे चालींची अशी जोडी, जिथून कुणालाही एकट्याने चाल बदलून फायदा होत नाही.

निफाड आणि येवला इथले दोन कांदा व्यापारी. प्रत्येकापुढे दोनच चाली: उन्हाळी कांदा आज लिलावाला काढायचा, किंवा चाळीत ठेवायचा. निफाडकर ओळ निवडतो, येवलेकर स्तंभ. आकडे नफ्याचे, लाख रुपयांत. मग कोरा चौकोन. त्याखाली उत्तराच्या सुरुवातीची चार वाक्यं उरली होती:

येवलेकरने माल काढला तर निफाडकरला ठेवण्यात १ लाख जास्त मिळतात. येवलेकरने ठेवला तर निफाडकरला काढण्यात ३ लाख जास्त. निफाडकरने काढला तर येवलेकरला ठेवण्यात २ लाख जास्त. निफाडकरने ठेवला तर येवलेकरला काढण्यात ३ लाख जास्त.

ओळखीचा तक्ता आठवून भरणं

निम्म्या वह्यांत ‘कैद्यांची कोंडी’ या प्रसिद्ध खेळाचा तक्ता होता. दोन खेळाडू, दोन चाली, आणि पाठ्यपुस्तकातला पहिला तक्ता तोच, म्हणून हात आपोआप तिकडे जातो. शेवटी ‘दोघेही माल काढतील’ असं उत्तर.

वरची चार वाक्यंच हे उत्तर खोडून काढतात. कैद्यांच्या कोंडीत समोरचा काहीही करो, आपली एकच चाल सरस असते. इथे निफाडकरची सरस चाल समोरच्यावर अवलंबून आहे: तो काढत असेल तर ठेवणं बरं, तो ठेवत असेल तर काढणं बरं. बाजार समितीच्या आवारात ट्रॅक्टरच्या रांगा पाहिलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. दोघांचाही माल एकाच दिवशी आला की भाव पडतो. हा एकमेकांना चुकवण्याचा खेळ आहे, कोंडीचा नाही.

आठही आकडे हवेत असं मानणं

ही चूक सगळ्यात महाग पडते, कारण तिच्यामुळे मुलं गणित सोडूनच देतात. दोन-दोन चालींच्या तक्त्यात चार खाने आणि आठ आकडे असतात हे खरं. पण समतोल काढताना निफाडकर कोणते आकडे एकमेकांशी ताडतो? येवलेकरने काढला असेल तेव्हा आपण काढण्याचे आणि ठेवण्याचे. येवलेकरने ठेवला असेल तेव्हा पुन्हा तेच. म्हणजे तो एका स्तंभाच्या आत वर-खाली बघतो. एका स्तंभातला आकडा दुसऱ्या स्तंभातल्या आकड्याशी ताडून त्याला काही उपयोग नाही, कारण स्तंभ निवडणं त्याच्या हातात नाही.

आता समजा, येवलेकरने माल काढला की निफाडकरला, त्याने स्वतः काहीही केलेलं असो, कुणीतरी दोन लाख आणून देतं. त्या स्तंभातले निफाडकरचे दोन्ही आकडे दोनाने वाढले. त्याचा निर्णय बदलेल का? नाही, फरक तोच राहिला. म्हणून समतोलासाठी आठ आकडे लागत नाहीत. चार फरक पुरतात, दोन निफाडकरचे आणि दोन येवलेकरचे. आणि ते चारही फरक त्या कोऱ्या चौकोनाखाली लिहिलेले होते.

हातात टेबल असल्याशिवाय चैन पडत नसेल तर चालचलाऊ तक्ता मांडा. प्रत्येक तुलनेत कमी असलेली बाजू शून्य धरा आणि दुसऱ्या बाजूला फरक लिहा. खान्यातला पहिला आकडा निफाडकरचा:

| | येवलेकर काढतो | येवलेकर ठेवतो |
|---|---|---|
| निफाडकर काढतो | ०, ० | ३, २ |
| निफाडकर ठेवतो | १, ३ | ०, ० |

हा मूळ तक्ता नाही, पण याचे समतोल मूळ तक्त्याचेच आहेत. खान्यातला क्रम मात्र सांभाळा. ओळ निवडणाऱ्याचा आकडा आधी. एका वहीत ३ आणि २ ची जागा बदलली होती आणि पुढचं सगळं गणित फिरलं.

शुद्ध समतोल मिळाले की पेन खाली ठेवणं

शुद्ध समतोल म्हणजे दोघेही एकेकच चाल पक्की धरतात तो. त्यासाठी तर फरकांचे आकडेही नकोत, नुसतं कोणती बाजू जड आहे ते पुरतं. निफाडकर काढतो आणि येवलेकर ठेवतो, हा एक. निफाडकर ठेवतो आणि येवलेकर काढतो, हा दुसरा. दोन्हींत कुणालाही एकट्याने चाल बदलून फायदा नाही.

बहुतेक वह्या इथे संपल्या होत्या. दोन समतोल मिळाले की शंका यायला हवी. रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ मध्ये दाखवलं की मर्यादित चालींच्या जवळपास सगळ्या खेळांत समतोलांची संख्या विषम असते. अपवाद येतात ते बहुधा कुठेतरी बरोबरी असते तेव्हा, म्हणजे एखादा फरक नेमका शून्य असतो तेव्हा. इथे चारपैकी एकही फरक शून्य नाही. तेव्हा तिसरा समतोल आहेच, आणि तो मिश्र आहे: दोघेही ठरावीक शक्यतेने कधी काढतात, कधी ठेवतात.

आपली शक्यता आपल्याच आकड्यांतून काढणं

मिश्र समतोल ज्यांनी काढला, त्यातले बरेच इथे घसरले. निफाडकरची शक्यता काढायची म्हणून त्यांनी निफाडकरचेच १ आणि ३ घेतले. मनाला ते बरोबर वाटतं, पण उलटं आहे. निफाडकर दोन्ही चाली मिसळायला तेव्हाच तयार होईल, जेव्हा त्याला दोन्हींतून सारखंच मिळतं. आणि ते सारखं करणं येवलेकरच्या शक्यतेवर अवलंबून आहे. म्हणून निफाडकरच्या आकड्यांतून येवलेकरची शक्यता निघते, आणि येवलेकरच्या आकड्यांतून निफाडकरची.

येवलेकर माल काढण्याची शक्यता q आणि निफाडकर काढण्याची p धरू. काढणं वजा ठेवणं हा फरक शून्य ठेवायचा:

```
निफाडकरसाठी:  -1·q + 3·(1-q) = 0   →  q = 3/4
येवलेकरसाठी:  -2·p + 3·(1-p) = 0   →  p = 3/5
```

म्हणजे येवलेकर चारपैकी तीनदा काढतो, निफाडकर पाचपैकी तीनदा.

अदलाबदल झाली की नाही हे ओळखायला एक ओळ पुरते. चुकीचं उत्तर घ्या, निफाडकर ३/४ शक्यतेने काढतो. मग येवलेकरला काढणं वजा ठेवणं किती पडतं? -२ चे तीन चतुर्थांश म्हणजे -१.५, आणि ३ चा एक चतुर्थांश म्हणजे ०.७५. बेरीज -०.७५. येवलेकरला ठेवणं सरळ फायद्याचं आहे, तो मिसळेलच कशाला? उत्तर तिथेच कोसळतं. ही बेरीज शून्य आली पाहिजे. आणि p किंवा q ऋण किंवा एकाहून मोठी आली तर एखादं चिन्ह चुकलंय, किंवा ज्याच्या आकड्यांतून ती काढली त्या खेळाडूची एक चाल नेहमीच सरस आहे आणि मिश्र समतोल मुळात नाहीच.

दोघांचे फरक एकसारखे असतील, तर ही चूक दिसतच नाही, कारण p आणि q सारखेच येतात. मुलांना ही सवय लागते ती अशाच सममित उदाहरणांमुळे, असं माझं मत.

उत्तरावरून तक्ता परत मिळवायला जाणं

कधी कधी मजकूर काहीच उरत नाही, फक्त शेवटचं उत्तर उरतं: p = 3/5, q = 3/4. त्यातून किती परत मिळतं? निफाडकरच्या ३/५ वरून कळतं की येवलेकरचे दोन फरक २ आणि ३ या प्रमाणात आहेत. ते ४ आणि ६ असू शकतात, २० आणि ३० सुद्धा. येवलेकरच्या ३/४ वरून निफाडकरचे फरक १ आणि ३ या प्रमाणात. फरकांच्या दिशा मात्र यातून ठरत नाहीत. दोघांचेही फरक उलटे केले तरी p आणि q तेच राहतात, पण शुद्ध समतोल दुसऱ्याच खान्यांत जातात. तेव्हा उत्तरावरून तक्ता बांधून ‘हाच मूळ तक्ता’ असं लिहू नका.

एकक न वाचणं

तक्ता गेला की मजकुरातल्या ‘लाख रुपये नफा’, ‘वर्षांची शिक्षा’, ‘मिनिटं उशीर’ अशा शब्दांवरच सगळी भिस्त असते. शिक्षा किंवा खर्च असेल तर कमी आकडा बरा, म्हणजे प्रत्येक फरकाची दिशा उलटते. इतकंच.

आणि काहीच उरलं नसेल, ना वाक्यं ना उत्तर, तर आकडे रचू नका. चार फरकांना अक्षरं द्या आणि कोणत्या चिन्हांना कोणता समतोल येतो ते लिहा.

आमच्या मुलाने शेवटी प्रश्न पुरा केला. उपप्रश्न (आ) मात्र मी त्याला कोरा ठेवायला लावला. तिथे विचारलं होतं, ‘मिश्र समतोलात प्रत्येकाचा अपेक्षित नफा किती?’ चालचलाऊ तक्त्यावरून निफाडकरचे ०.७५ लाख आणि येवलेकरचे १.२ लाख येतात, आणि त्या आकड्यांना काही अर्थ नाही, कारण शून्य आपण सोयीसाठी धरलं होतं. फरकांवरून समतोल कळतो, नफा कळत नाही. दोघांसाठी कोणता खाना जास्त चांगला, हेही कळत नाही.

दोन दिवसांनी त्याच्या मैत्रिणीच्या फोनमध्ये जुनी पीडीएफ सापडली, चित्रासकट. दोघेही काढतात तिथे ४, ३. फक्त निफाडकर काढतो तिथे ८, ५. फक्त येवलेकर काढतो तिथे ५, ८. दोघेही ठेवतात तिथे ५, ५. त्याने फरक ताडले, चारही जुळले, समतोल तिन्ही तेच आले. मग (आ) ची जागा भरली: दोघांनाही ५ लाख.