दोन्ही टोकं जाम आणि मध्ये गिअर: कोणत्या टोकाला किती टॉर्क जातो ते कसं काढायचं

धुतलेली जाड चादर पिळताना दोघं जण दोन टोकं धरतात, हे सगळ्यांनी केलेलं आहे. आता समजा दोघांनी टोकं नुसती घट्ट धरून ठेवली आणि तिसऱ्याने मध्येच कुठेतरी चादर पकडून पिळली, तर तिसरा ज्याच्या जवळ उभा आहे त्याच्या मनगटाला जास्त हिसका बसतो आणि लांबच्याला कमी. आजचा सगळा विषय एवढाच आहे, फक्त चादरीच्या जागी स्टीलचा शाफ्ट आणि तिसऱ्याच्या जागी गिअर.

मागच्या उन्हाळ्यात हिंगणा एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये आम्ही कॉलेजच्या पोरांसाठी असाच एक सेटअप बनवत होतो. ४० मिमीचा सरळ शाफ्ट, दोन जाम टोकांमधलं अंतर ९०० मिमी, आणि ए टोकापासून ३०० मिमीवर गिअर, म्हणजे बी टोक गिअरपासून ६०० मिमी. गिअरवर टॉर्क द्यायचा होता ६०० न्यूटन-मीटर. सोबतचा पोरगा वहीत आकडेमोड करत होता, तो थांबला आणि म्हणाला, "दादा, समीकरण तं एकच निघते न, अन् शोधायचे आहेत दोन. काहून असं?" प्रश्न बरोबर होता, तिथूनच सुरू करू.

सगळ्यात आधी चित्र काढा आणि दोन्ही भिंती काढून त्यांच्या जागी टॉर्क दाखवा, दोन्ही गिअरच्या टॉर्कच्या उलट दिशेने. शाफ्ट फिरत नाही म्हणजे हिशोब जुळला पाहिजे:

T_A + T_B = T

इथे ६०० ची बेरीज होईल अशा कितीही जोड्या बसतात, ३००-३०० बसते, ५००-१०० पण बसते. नुसत्या बॅलन्सवरून यातली खरी जोडी कळत नाही, म्हणूनच याला स्टॅटिकली इनडिटरमिनेट म्हणतात. दुसरं समीकरण बळातून येत नाही, ते पिळातून येतं.

मग दुसरी पायरी, आणि ही नीट समजून घ्या. गिअर शाफ्टवर एकच आहे, तो एकाच वेळी दोन वेगवेगळे कोन फिरू शकत नाही. ए भिंतीपासून मोजत आलं तरी गिअर जेवढा फिरलेला दिसेल तेवढाच बी भिंतीपासून मोजला तरी दिसला पाहिजे, कारण दोन्ही भिंती जागच्या हललेल्या नाहीत. ए कडचा तुकडा a लांब, बी कडचा b लांब, तर

T_A · a / (G · J_A) = T_B · b / (G · J_B)

G म्हणजे मटेरियलचा पिळाला विरोध, स्टीलला साधारण ८०,००० न्यूटन प्रति चौरस मिमी धरतात, आणि J हा गोल छेदाचा आकडा, π·d⁴/32. आपला शाफ्ट एकाच मटेरियलचा आणि एकाच जाडीचा आहे म्हणून G आणि J दोन्हीकडून उडून जातात आणि पूर्ण लांबीला L म्हटलं की उरतं:

T_A = T · b / L
T_B = T · a / L

बघा, ए च्या वाट्यात b आला, म्हणजे समोरच्या तुकड्याची लांबी आली. इथेच पोरं सगळ्यात जास्त चुकतात, ए चा वाटा काढताना ए चीच लांबी घालतात आणि उत्तर अदलाबदल होतं, बेरीज तरीही बरोबर येते म्हणून चूक सापडत नाही. मी तर सांगतो की उत्तर आलं की आधी चादर आठवायची, जवळच्या टोकाला जास्त आलं का ते बघायचं, मगच पुढे जायचं.

आता आकडे घालू. ए ला ६०० गुणिले ६०० भागिले ९००, म्हणजे ४०० न्यूटन-मीटर, बी ला राहिले २००. J येतो २,५१,३२७ (मिमीच्या चौथ्या घातात). पृष्ठभागावरचा स्ट्रेस T·r/J, तो ए कडे जवळपास ३२ आणि बी कडे १६ मेगापास्कल. पीळ दोन्हीकडून काढून बघा, ४०० चा टॉर्क ३०० मिमीवर आणि २०० चा टॉर्क ६०० मिमीवर, दोन्हीकडून ०.००५९७ रेडियनच येतो, म्हणजे एक तृतीयांश अंशाच्या जरा वर. दोन्ही कोन जुळले म्हणजे गणित बरोबर.

जाडी वेगवेगळी असेल तर J उडत नाही, तिथे प्रत्येक तुकड्याचा कडकपणा काढायचा, G·J भागिले लांबी, आणि टॉर्क त्या प्रमाणात वाटायचा. कडक तुकडा जास्त ओढून घेतो. समजा बी कडचा भाग लेथवर ३० मिमीपर्यंत उतरवला, तर वाटणी ४००-२०० ची होते ५१८-८२. गंमत बघा, बारीक केलेल्या बी भागाचा स्ट्रेस जवळपास होता तिथेच राहतो, साडेपंधरा मेगापास्कल, पण ज्याला हातही लावला नाही त्या ए भागाचा ३२ वरून ४१ वर जातो. म्हणून अशा शाफ्टचा एक भाग बदलला की सगळं गणित पहिल्यापासून करायचं, फक्त तेवढ्या भागाचं करून चालत नाही.

इथपर्यंत पुस्तकातलं झालं. आमच्या सेटअपवर डायल गेज लावला तेव्हा मात्र आकडे काही जुळेनात.

डायलचं आधी सांगतो. गिअरची त्रिज्या १०० मिमी होती, म्हणजे ०.००५९७ रेडियन फिरला की कडेला साधारण ०.६० मिमी सरकायला पाहिजे. गिअरच्या डाव्या-उजव्या बाजूला समोरासमोर गिअरच्या निम्म्या त्रिज्येचे दोन पिनियन लावले होते, प्रत्येकावर अर्ध्या मीटरचा हात, आणि हाताच्या टोकाला वजनं, पूर्ण टॉर्कला दोन्हीकडे ३०-३० किलो आणि वर थोडं. दोन पिनियन मुद्दाम घेतले. एकाच बाजूने दात ढकलला असता तर ६,००० न्यूटनचं बळ शाफ्टला आडवं वाकवायला लागलं असतं, आणि ९०० मिमीच्या एवढ्या उघड्या शाफ्टवर त्या वाकण्याचा स्ट्रेस ए टोकाशी १२७ मेगापास्कलच्या आसपास येतो, म्हणजे पिळाच्या चौपट! पुस्तकातल्या गणितात गिअरवर नुसता टॉर्क दाखवतात, खऱ्या गिअरवर टॉर्कसोबत आडवं बळ येतंच, तेव्हा एकच पिनियन असेल तर गिअरच्या दोन्ही बाजूंना बेअरिंगचा आधार द्या. आणि हो, बेअरिंग म्हणजे जाम टोक नाही, ते शाफ्टला फिरू देतं, त्याला भिंत धरून हे सूत्र लावलं की उत्तर चुकलंच.

तर आम्ही एकदम पूर्ण वजन न टांगता पाच-पाच किलोने वाढवत गेलो, म्हणजे दर वेळी साधारण १०० न्यूटन-मीटर. हिशोबाने प्रत्येक पायरीला डायल ०.१० मिमी पुढे जायला हवा. पहिल्याच पायरीला तो ०.३० गेला. दुसरीला पण जास्तच, आणि तिसरीपासून मात्र अगदी शिस्तीत ०.१०, ०.१०. शेवटी ०.६० च्या जागी ०.९३.

पहिले मला वाटलं डायलचा स्टँड हलतोय. पण स्टँड हलला तर असं सुरुवातीला तिप्पट आणि मग एकदम बरोबर असं होत नाही. बराच वेळ बघितल्यावर लक्षात आलं, १०० न्यूटन-मीटरला ०.३० मिमी हा तर एकट्या बी तुकड्याचा हिशोब आहे. म्हणजे सुरुवातीला ए टोक काही धरतच नव्हतं! ए टोकाला शाफ्ट अडकवून ठेवणाऱ्या कीच्या बाजूने कीवेमध्ये फीलर गेज घातला तर ०.१० मिमीची पाती सरळ आत गेली.

आता ०.१० मिमी म्हणजे काय, कागदाच्या जाडीएवढं. पण शाफ्टची त्रिज्या २० मिमी, म्हणजे ती फट ०.००५ रेडियनची झाली, आणि आपला सगळा पीळच ०.००६ आहे. ए टोक तेवढा कोन फुकट फिरतं, तोवर भार सगळा बी वर, साधारण १६७ न्यूटन-मीटरपर्यंत, मग ए ची की टेकते आणि पुढचा टॉर्क दोघांत वाटला जातो. समीकरणात फक्त एक भर पडते:

T_A · a / (G · J) + 0.005 = T_B · b / (G · J)

सोडवलं की ए ला २८८ आणि बी ला ३१२ न्यूटन-मीटर. ४००-२०० ची वाटणी पार उलटली, जास्त भार लांबच्या टोकावर गेला आणि ज्या बी टोकाचे बोल्ट आपण २०० धरून निवडले त्यांच्यावर दीडपट येऊन बसला. फट बी कडे असती तर उलट झालं असतं, ए ला ५१२ आणि बी ला फक्त ८८. बेरीज दोन्ही वेळा ६०० च आहे, म्हणून नुसती बेरीज तपासून हे कधीच कळणार नाही.

म्हणून माझी पद्धत आता अशी आहे की असा शाफ्ट बसवला की आधी शून्यापासून छोट्या पायऱ्यांनी भार वाढवायचा, आलेखावर टॉर्क आणि डायल मांडायचा. सरळ रेषा आली तर दोन्ही टोकं पहिल्यापासून धरत आहेत. रेष मध्येच मोडली तर मोडीच्या आधीचा उतार ए तुकड्याशी जुळतो का बी तुकड्याशी ते बघायचं, जो तुकडा तेव्हा काम करत होता त्याच्या समोरचं टोक ढिलं. रेष सरळ आहे पण उतार सगळीकडेच जास्त आहे असं झालं तर फट नाही, टोकाचा ब्रॅकेटच भारासोबत थोडा फिरतोय, तिथे दुसरा डायल ब्रॅकेटवर लावून खात्री करायची. आणि डिझाइन करताना दोन्ही टोकांना सरसकट गणितातला वाटा न देता, थोड्या ढिलाईनंतर जास्तीत जास्त किती येऊ शकतो तेवढं धरून बोल्ट आणि की निवडायच्या.

टर्नरकाकांनी नवी की जरा मोठी ठेवून घासत घासत बसवली, हातोडीच्या हलक्या ठोक्याने आत जाईल एवढी टाईट. परत पाच-पाच किलो टांगले, डायल पहिल्या पायरीला दहा घर गेला, दुसऱ्या पायरीला वीसवर, आणि शेवटी एकसष्टवर थांबला.