शेअरचा भाव हलत नाही: कंपनी निलंबित आहे की डीलिस्ट, कसं ओळखावं?

राजारामपुरीतले एक निवृत्त गुरुजी आमचे शेजारी. त्यांच्या डीमॅट खात्यात एका कंपनीचे 400 शेअर 6.15 रुपये भावाने दिसत होते, म्हणजे 2,460 रुपये. विकायला गेले की ऑर्डर नाकारली जायची. कारण साधं होतं: तो भाव शेवटच्या व्यवहाराचा होता, आजचा नव्हता.

सर्वप्रथम डीमॅट स्टेटमेंटवरचा आयएसआयएन, म्हणजे त्या शेअरचा ओळख क्रमांक, काढा. तो 12 अक्षर-अंकांचा असतो आणि शेअरच्या बाबतीत बहुधा INE ने सुरू होतो. कंपनीचं नाव बदललेलं असू शकतं, म्हणून निव्वळ नावावर विसंबू नका.

मग bseindia.com वर Corporates विभागातली कंपन्यांची यादी उघडा. तिथे Status मध्ये तीन पर्याय मिळतात: Active, Suspended, Delisted. कंपनी सापडेपर्यंत तिन्ही तपासा. शेअर एनएसईवरही असेल तर तिथेही बघा, कारण एका बाजारातून बाहेर पडलेली कंपनी दुसरीकडे चालू असू शकते. गुरुजींची कंपनी Suspended मध्ये सापडली.

निलंबन म्हणजे नोंदणी कायम, पण व्यवहार थांबलेले. तिमाही निकाल सलग न देणं हे त्याचं एक नेहमीचं कारण. या प्रकारात निलंबनानंतर 15 दिवसांनी, सहा महिने, दर आठवड्याच्या पहिल्या व्यवहाराच्या दिवशी ट्रेड-फॉर-ट्रेड पद्धतीने, म्हणजे प्रत्येक व्यवहारात शेअर प्रत्यक्ष देऊन-घेऊनच, विक्रीची सोय मिळू शकते. नेमकं कारण आणि तारीख एक्स्चेंजच्या नोटिशीत असते, ती वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. गुरुजींनी ती वाचली तेव्हा सहा महिने कधीच उलटून गेले होते. मला त्याचं फार वाईट वाटलं, कारण पहिल्याच महिन्यात पाहिलं असतं तर निदान विकण्याचा प्रयत्न करता आला असता.

डीलिस्ट म्हणजे नोंदणीच संपली. कंपनी स्वेच्छेने बाहेर पडली असेल, तर राहिलेल्या भागधारकांना किमान एक वर्ष ठरलेल्या भावाने शेअर प्रवर्तकाला देता येतात. एक्स्चेंजने सक्तीने काढलं असेल, तर स्वतंत्र मूल्यांकनकार भाव ठरवतो आणि तो प्रवर्तकांनी द्यायचा असतो. प्रत्यक्षात असे प्रवर्तक अनेकदा सापडतच नाहीत. दिवाळखोरीतून डीलिस्ट झालेल्या कंपनीत तर हाती काहीच न येण्याची शक्यता मोठी. 2021 मध्ये डीएचएफएलच्या भागधारकांना एक रुपयाही मिळाला नाही.

म्हणून शेवटी कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या mca.gov.in वर कंपनीची स्थितीही पाहा. तिथे Strike Off किंवा Under Liquidation असेल, तर भाव परत येण्याची वाट पाहत बसू नका. प्रवर्तक देय रक्कम टाळत असेल, तर तक्रार सेबीच्या scores.sebi.gov.in वर करा. ती विनामूल्य असते. ‘शेअर पुन्हा चालू करून देतो, आधी फी भरा’ असा फोन आला, तर एक पैसाही देऊ नका.