एका पोराचा घसा धरला की दुसऱ्याचाही धरतोच? आम्ही केलेल्या या चुका टाळा

सांगलीत जुलैच्या शेवटी कृष्णेचं पाणी वाढायला लागलं की पोरांचं सगळं लक्ष शाळेला सुट्टी मिळतीय का याच्याकडे, आणि आयांचं लक्ष कोण शिंकतंय याच्याकडे. गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे थोरला (नऊ वर्षांचा) रविवारी रात्री तापला, घसा दुखतोय म्हणून रडला, आणि गुरुवारी रात्री धाकटी (पाच वर्षांची) पण तशीच. मधल्या चार दिवसांत आम्ही ग्लास वेगळे केले होते, हात धुवा हात धुवा म्हणून ओरडत होतो, तरी झालं. कुठं कुठं गाडी घसरली ते नंतर नीट लक्षात आलं, म्हणून लिहितीय.

आधी एक गोष्ट. सर्दी, खोकला, नाक गळणं, आवाज बसणं यांच्यासोबत घसा दुखत असेल तर बहुतेक वेळा तो व्हायरल असतो आणि त्याला अँटिबायोटिक लागतच नाही. आमच्या थोरल्याला खोकला नव्हता, सर्दी नव्हती, ताप मात्र एकदम चढला, गिळताना डोळ्यात पाणी, जबड्याखाली गाठी हाताला लागत होत्या आणि टॉन्सिलवर पांढरे ठिपके. डॉक्टरांनी बॅटरी मारून बघितलं आणि स्ट्रेप म्हणजे बॅक्टेरियाचा घसा म्हणाले. काही डॉक्टर घशाचा स्वॅब पण घेतात, कारण नुसतं बघून शंभर टक्के सांगता येत नाही. हा फरक घरी आपण ठरवायचा नाही, पण डॉक्टरांना "खोकला आहे का नाही" हे नीट सांगायचं, त्यावर बरंच ठरतं.

पहिली चूक: पॅरासिटामॉल देऊन शाळेत पाठवणं

सोमवारी युनिट टेस्ट होती. सकाळी साडेसहाला पॅरासिटामॉलचं सिरप दिलं, सातपर्यंत पोरगं एकदम फ्रेश, डबा घेऊन गेलं पण. साडेअकराला शाळेतून फोन, "ताप आलाय, घेऊन जा." त्या औषधाचा असर चार ते सहा तास, म्हणजे वर्गात बसल्या बसल्या तो उतरला आणि ताप परत वर. ताप गेला नव्हता, दबला होता. आणि तेवढ्या वेळात बाकावर शेजारच्याच्या बाटलीतनं पाणी प्यायला तो, हे नंतर त्यानंच सांगितलं. ताप गेला का नाही हे बघायचं तर औषधाशिवाय बघायचं, एवढंच.

दुसरी चूक: ग्लास वेगळा, पण फक्त नावाला

सगळ्यांच्या घरात असतात तसे आमच्याकडे स्टीलचे सहा एकसारखे ग्लास आहेत. मी थोरल्याला सांगितलं, "हा तुझा." दुपारी बघते तर धाकटी त्यातनंच ताक पितीय. तिची काय चूक, सहाही सारखेच दिसतात! मग नेलपॉलिशनं बुडाला लाल ठिपका काढला, पण तो ग्लास उलटा केल्याशिवाय दिसत नाही, म्हणून शेवटी लाल रबरबँड गळ्याशी घातला. रबरबँड बरा, लांबूनच दिसतो. त्याचा चमचा, ताटली आणि पाण्याची बाटलीसुद्धा तशाच खुणेची.

पण खरी भोकं दुसरीकडंच होती.

एक म्हणजे हळदीचं दूध. आमच्या सासूबाईंनी मोठ्या ग्लासात कढत दूध केलं, थोरला अर्धं पिऊन "नको" म्हणाला, आणि आपल्याकडं उरलेलं टाकायचं कसं, म्हणून ते धाकटीच्या पोटात गेलं. सांगलीत हळदीला नावं ठेवायची माझी हिंमत नाही, दुधानं घशाला जरा आराम पण पडतो, पण एकाचं उष्टं दूध दुसऱ्याला देऊ नका. तसंच भरवताना. एकाच ताटात वरणभात कालवून एक घास ह्याला एक घास तिला, तोच हात, तीच बोटं. सवयीनं होतं, लक्षातच येत नाही.

दुसरं म्हणजे माठ. पोरं ग्लास सरळ माठात बुडवतात, बोटांसकट. आता ओगराळं दोरीनं माठाला बांधून ठेवलंय, त्यानंच पाणी घ्यायचं. वरून ओतून प्यायची जुनी सवय सगळ्यात चांगली, पण पाच वर्षांच्या पोरीचं पाणी तोंडापेक्षा फ्रॉकवरच जास्त जातं.

आणि तिसरं म्हणजे टूथब्रश. सगळे एकाच पेल्यात, डोकी एकमेकांना टेकलेली. आजाऱ्याचा ब्रश बाजूला ठेवा, विषय संपला.

ग्लास उकळायची मात्र गरज नाही. आमच्या शेजारच्या काकू रोज पातेल्यात भांडी उकळत होत्या, गॅस फुकट. भांड्याचा साबण लावून घासणीनं नीट घासलं, वाहत्या पाण्यात धुतलं आणि वाळवलं की तो ग्लास दुसऱ्याला चालतो. वेगळेपणा लागतो तो दोन धुण्यांच्या मधल्या वेळात, म्हणजे दिवसभर ओट्यावर पडलेला ग्लास कोण उचलतंय त्यात.

तिसरी चूक: हात धुतले, पुसले सगळ्यांनी एकाच नॅपकिनला

पोरांचं हात धुणं म्हणजे नळाखाली बोटं ओली करणं. खरं धुणं म्हणजे साबणाचा फेस करून वीस सेकंद, बोटांच्या मधून, अंगठ्याच्या भोवती, नखांच्या टोकाला. आमच्याकडं वीस सेकंद म्हणजे बे चा पाढा दोनदा, तोही घाई न करता. कधी धुवायचे? खोकलं, शिंकलं, नाक पुसलं की लगेच, आणि खायच्या आधी. पण बेसिनशेजारी टांगलेला तो एक नॅपकिन, ज्याला थोरल्यानं नाक पण पुसलं होतं, त्यालाच धाकटीनं धुतलेले हात पुसले. म्हणजे सगळी मेहनत पाण्यात. आता दोन खिळे, दोन रंगांचे नॅपकिन, आणि आजारपणात रोज धुवायला टाकायचे.

मी स्वतः पण चुकले. थोरल्याला औषध पाजलं, त्याचं तोंड पुसलं आणि तशीच कणीक मळायला बसले. घरात सगळ्यात जास्त फिरणारे हात आईचेच असतात.

याला मर्यादा आहेत, ते पण सांगते. हा संसर्ग खोकल्या-शिंकल्याच्या तुषारांतून पण जातो, आणि लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला साधारण दोन ते पाच दिवस लागतात. म्हणजे धाकटीला कदाचित शनिवार-रविवारीच, आम्ही ग्लास वेगळे करायच्या आधीच, लागला असेल. कुठून लागला हे कुणीच ठामपणे सांगू शकत नाही. म्हणून दोघं एका गादीवर झोपत असतील तर चार-पाच दिवस वेगळं झोपवा, आणि जागा नसेल तर निदान एकाचं डोकं भिंतीकडं दुसऱ्याचं दाराकडं.

पण सगळ्यात मोठा फरक पडतो तो औषध वेळेत सुरू करण्यानं. स्ट्रेप असेल तर अँटिबायोटिक सुरू केल्यावर साधारण चोवीस तासांत दुसऱ्याला लागण्याची शक्यता बरीच कमी होते, आणि औषध नसेल तर पोरगं बरं दिसत असलं तरी दोन-तीन आठवडे पसरवत राहू शकतं.

चौथी चूक: बाटली संपली म्हणजे कोर्स संपला

ही चूक मी जवळजवळ केलीच होती. डॉक्टरांनी अमॉक्सिसिलिनचं ड्राय सिरप दिलं, दिवसातून दोनदा पाच मिली, दहा दिवस. (डोस वजनावर ठरतो, आमचा कॉपी करू नका.) हिशोब करा, रोज दहा मिली, दहा दिवसांचे शंभर. बाटली साठ मिलीची. सहाव्या दिवशी बाटली रिकामी, ताप तर दुसऱ्याच दिवशी गेलेला, सासूबाई म्हणाल्या, "बास की आता, किती औषधं देतीस पोराला." मलाही वाटलं बास. चिठ्ठी परत वाचली म्हणून दुसरी बाटली आणली.

दहा दिवस का, तर स्ट्रेप अर्धवट राहिला तर पुढं संधिवाताचा ताप, म्हणजे ऱ्ह्युमॅटिक फीवर होऊ शकतो आणि त्यात हृदयाच्या झडपा खराब होतात. घसा दुखायला लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत अँटिबायोटिक सुरू केलं तर तो टाळता येतो, म्हणजे एक-दोन दिवस उशीर झाला तर घाबरायचं नाही, पण मध्येच सोडायचं पण नाही.

दोन्ही बाटल्यांत एकदम पाणी घालू नका. उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंत घातलं, हलवलं की ते सिरप साधारण सातच दिवस चालतं, लेबल बघा. दुसरी बाटली पहिली संपल्यावरच तयार करायची. आणि थोरल्याच्या बाटलीतलं "आधीच सावध म्हणून" धाकटीला दोन चमचे, हे तर अजिबात नाही. लक्षणं नसलेल्या भावंडाला सहसा तपासणी पण लागत नाही आणि औषध पण. पाच दिवस नजर ठेवायची, ताप किंवा घसा दुखला की त्याच दिवशी दाखवायचं.

मग शाळेत कधी पाठवायचं?

इथं सगळे अंदाजानं चालतात, "आज जरा बरा दिसतोय." घड्याळ बघा. स्ट्रेप असेल तर दोन अटी: अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसपासून किमान बारा ते चोवीस तास झालेले, आणि औषधाशिवाय ताप नाही. आम्ही चोवीसच धरतो. व्हायरल असेल, अँटिबायोटिकच नसेल, तर पॅरासिटामॉल न देता चोवीस तास ताप नसला पाहिजे, आणि पोराला खाता-पिता येत असलं पाहिजे. थोडासा खोकला राहिला म्हणून आठवडाभर घरी बसवायची गरज नाही.

थोरल्याचं असं झालं: पहिला डोस सोमवारी संध्याकाळी सातला, शेवटचा ताप मंगळवारी पहाटे, त्यानंतर पॅरासिटामॉल दिलं नाही. बुधवारी सकाळी सातला डोस सुरू होऊन छत्तीस तास, तापाशिवाय पूर्ण दिवस. गेला शाळेत, दप्तरात स्वतःची बाटली आणि "कुणाला द्यायची नाही" अशी ताकीद.

लाळ गिळता येत नसेल, तोंडातून गळत असेल, श्वासाला त्रास, तोंड उघडत नसेल, मान ताठ झाली असेल, किंवा लघवीच होत नसेल तर सकाळची वाट बघू नका, लगेच दवाखाना. आणि बरं झाल्यावर पुढच्या तीन-चार आठवड्यांत सांधे दुखून सुजले, चेहरा सुजला किंवा लघवी कोकाकोलासारखी गडद झाली तर डॉक्टरांना "मध्ये घसा धरला होता" हे आठवणीनं सांगा.

धाकटीला पहिला डोस शुक्रवारी अकराला. शनिवारी सकाळी सातला शाळा, पण तोवर वीसच तास झालेले आणि शुक्रवारी रात्री नऊला परत ताप होता. तिला नवीन रेनकोट घालून जायचं होतं, दारात बसून अर्धा तास रडली. सोमवारी पाठवली.