प्राइम कॉस्ट साठच्या वर गेली तर सोमवारी सकाळी काय काय हाताशी हवं

रेस्टॉरंट चालवताना आठवड्यातून एकदा जो आकडा काढायलाच हवा तो म्हणजे प्राइम कॉस्ट. वापरलेल्या मालाचा खर्च अधिक माणसांवरचा सगळा खर्च, भागिले निव्वळ विक्री, गुणिले शंभर. टेबल सर्व्हिस असलेल्या ठिकाणी हा आकडा साधारण ६० ते ६५ टक्के आणि काउंटरवरून देणाऱ्या ठिकाणी ५५ ते ६० टक्के असला तर बरं मानतात. भाडं, वीज, दुरुस्ती, कर्जाचे हप्ते आणि नफा हे सगळं उरलेल्यातून भागवायचं असतं. दोन्ही खर्च एकत्र धरायचं कारण म्हणजे ते एकमेकांत मिसळतात. चिरलेली भाजी विकत घेतली की मालाचा खर्च वाढतो आणि चिरणाऱ्याचे तास वाचतात. एकच बाजू बघितली तर हा बदल फायद्याचा की तोट्याचा ते कळतच नाही.

काहीही बदलण्याआधी आकडा खरा आहे याची खात्री करा. त्यासाठी आधी गेल्या आठवड्याची विक्री कर आणि सवलती वजा करून हाताशी ठेवा. बिलावरची कराची रक्कम आपली नसते, ती विक्रीत धरली तर टक्केवारी उगाच चांगली दिसते. मग साठ्याची मोजणी. ती दर वेळी त्याच वारी, बंद झाल्यावर किंवा उघडण्याआधी, आणि शक्यतो त्याच दोन माणसांनी करावी. अर्धा भरलेला डबा ‘अर्धा’ म्हणून लिहू नका, वजनकाट्यावर ठेवा. वापरलेला माल म्हणजे सुरुवातीचा साठा अधिक खरेदी वजा शेवटचा साठा. नुसती खरेदी धरली तर फ्रीझर भरला त्या आठवड्यात घाम फुटतो आणि पुढच्या आठवड्यात उगाच हायसं वाटतं.

खरेदीची बिलं माल आला त्या तारखेला लावा. मी एकदा यातच फसलो होतो. मोजणीच्या सकाळी आलेला माल शेवटच्या साठ्यात मोजला गेला, पण त्याचं बिल पुढच्या आठवड्यात नोंदलं. त्यामुळे मालाचा खर्च एका आठवड्यात ३१ टक्के आला आणि पुढच्यात ४० च्या वर गेला. चार दिवस मी किचनवर संशय घेत होतो, दोष मात्र कागदाचा होता. माणसांच्या खर्चात पगाराबरोबर ओव्हरटाइम, मालकाने भरायच्या वर्गण्या, रजेचे पैसे आणि मॅनेजरचा पगारही येतो. मालक स्वतः शिफ्ट करत असेल तर त्या कामाचा रास्त पगार धरा, नाहीतर मालक आजारी पडला की खरा आकडा समोर येतो.

आता एक आठवडा सोडवून बघू. निव्वळ विक्री ४,००,०००. सुरुवातीचा साठा ९०,०००, खरेदी १,५२,०००, शेवटचा साठा ९८,०००, म्हणजे वापर १,४४,०००. हे झाले ३६ टक्के. माणसांचा खर्च १,२०,०००, म्हणजे ३० टक्के. प्राइम कॉस्ट ६६. लक्ष्य होतं ६०: माल ३२ आणि माणसं २८. म्हणजे २४,००० जास्त गेले.

इथे बहुतेकांचा हात मेन्यूच्या किमतींकडे जातो. थांबा. आधी प्रत्येक पदार्थाचं मोजमाप लिहिलेलं रेसिपी कार्ड आणि आठवड्यात कोणता पदार्थ किती विकला याचा रिपोर्ट शेजारी ठेवा. कार्डावरचा खर्च गुणिले विकलेली संख्या असं सगळं बेरजेत घेतलं की किती माल लागायला हवा होता ते कळतं. आपल्या उदाहरणात ते १,२८,००० आलं, म्हणजे बरोबर ३२ टक्के. किमती आणि रेसिपी ठीक आहेत. १६,००० चा माल वाटेत कुठेतरी जातोय, आणि किमती वाढवल्या असत्या तर ती गळती गिऱ्हाइकाच्या पैशांनी झाकली गेली असती.

गळती शोधायला दहा सर्वांत महागड्या वस्तू पुरतात. त्यातली पहिली घेऊ, बोनलेस चिकन. कार्डावर पोर्शन १८० ग्रॅम आणि विक्री ४०० पोर्शन, म्हणजे ७२ किलो लागायला हवं. साठ्यानुसार गेलं ८६ किलो. मग ऐन गर्दीत वीस पोर्शन शिजवण्याआधी काट्यावर ठेवून बघा. सरासरी २०५ ग्रॅम निघाली. हाताच्या अंदाजाने २५ ग्रॅम जास्त पडतं हे डोळ्यांना दिसत नाही, पण ४०० पोर्शनमध्ये ते १० किलो होतं. उरलेले ४ किलो वेस्टेजच्या वहीत सापडले: मंदीच्या दोन दिवशी जास्त मॅरिनेट करून फेकलेले. किलोला ५०० धरले तर १४ किलोचे ७,००० झाले. उपायही तिथेच आहे. सकाळीच १८० ग्रॅमची पाकिटं करून ठेवायची आणि मॅरिनेट किती करायचं ते त्या वाराच्या विक्रीवरून ठरवायचं. आणखी ३,००० स्टाफच्या जेवणाचे निघाले, ज्याची नोंदच नव्हती. ते माणसांच्या खर्चात टाकलं तर प्राइम कॉस्ट बदलत नाही, पण गळतीचा आकडा स्वच्छ होतो आणि जेवणासाठी महागडा माल उचलला जात असेल तर तो दिसतो. बाकीचे ६,००० उरलेल्या नऊ वस्तूंत याच रीतीने शोधायचे. माल उतरवताना वजन न करणं हे त्यात वरचेवर सापडतं.

कार्डाप्रमाणेच ३६ टक्के आले असते तर गोष्ट वेगळी होती. तेव्हा किचनला बोलून उपयोग नाही, रेसिपी किंवा किंमतच बदलावी लागते. ३६ खर्चाचा पदार्थ १०० ला विकत असाल तर ३२ टक्क्यांसाठी तो साडेबाराने वाढवून ११२.५० ला विकावा लागेल. सगळ्या मेन्यूऐवजी जे पदार्थ भरपूर खपतात आणि मागे थोडं ठेवतात, तेवढेच आधी हाताळा.

माणसांच्या बाजूला तासागणिक विक्री आणि तासागणिक हजेरी समोरासमोर लावा. आपल्याकडे तासावर काम करणाऱ्यांचे ८०० तास झाले, सगळं धरून तासाला १०० प्रमाणे ८०,०००, आणि ठरलेले पगार ४०,०००. दुपारी ३ ते ६ मध्ये रोज सात जण, म्हणजे आठवड्याचे १४७ तास, आणि त्या वेळेची विक्री फक्त २४,०००. तिथे चार जण पुरतात, ६३ तास वाचतात. आणखी सहा जण शिफ्टच्या अर्धा तास आधी हजेरी लावत होते, त्याचे २१ तास. मिळून ८,४००, आणि लक्ष्यासाठी ८,००० च हवे होते. मात्र दुपारी संध्याकाळची तयारी चालत असेल तर ती कोण करणार हे आधी ठरवा. ऐन गर्दीतला माणूस कमी करणं सर्वांत धोक्याचं: टेबलं उशिरा रिकामी होतात, विक्री पडते आणि खर्च कमी होऊनही टक्केवारी वरच राहते.

सगळे बदल एकाच आठवड्यात करू नका, कशाने फरक पडला ते कळत नाही. पहिल्या आठवड्यात चिकनची पाकिटं आणि हजेरीची वेळ, दुसऱ्यात दुपारची शिफ्ट. एका आठवड्याच्या आकड्यावर निकाल न देता सलग चार आठवड्यांची सरासरी बघा. आणि पुढच्या सोमवारी मोजणीला बसलात की आधी चिकन मोजा: ४०० पोर्शन गेले असतील तर ७४ किलोपेक्षा जास्त गेलेलं नसावं.