“रेझ्युमे आमच्याकडे राहील” म्हणून विषय संपवला, तर काय बोलावं?

मुलाखत संपताना समोरचा म्हणतो, “तुमचा रेझ्युमे आमच्याकडे राहील,” आणि पुढे काहीच बोलत नाही. बहुतेक वेळा हा सौम्य नकार असतो, पण नेहमीच नाही. पहिल्या पसंतीच्या उमेदवाराचा होकार येईपर्यंत दुसऱ्या-तिसऱ्यालाही हेच ऐकवलं जातं. आपण यातले कोण, हे तिथल्या तिथेच विचारून घ्यावं.

“हसून आभार माना आणि निघा” हा सल्ला अर्धवट आहे. आभार मानाच, पण उठण्याआधी एक प्रश्न विचारा: “या जागेचा निर्णय झालाय, की अजून मुलाखती बाकी आहेत?” “मी कुठे कमी पडलो?” असं मात्र विचारू नका. तोंडावर उणीव सांगणं कुणालाच आवडत नाही, म्हणून उत्तर गुळमुळीत येतं. प्रश्न विचारला की गप्प राहा. बहुतेक जण इथेच घसरतात. दोन-तीन सेकंदांची शांतता सहन होत नाही, मग “नाही, सहजच विचारलं” असं आपणच म्हणतो आणि समोरच्याची उत्तरातून सुटका होते.

“मुलाखती बाकी आहेत,” असं कळलं तर कधीपर्यंत वाट पाहायची तेही विचारा आणि त्या तारखेआधी फोन करू नका. “आत्ता सांगता येणार नाही,” म्हणाले तर तिथेच सोडा.

“निर्णय झालाय,” असं उत्तर आलं तर विचारा, “पुढे कोणत्या कामासाठी माझा विचार होऊ शकेल?” समजा, जागा लेखा सहायकाची होती आणि उत्तर मिळालं, “बँकेचा ताळमेळ स्वतंत्रपणे करणारं कुणी हवं होतं.” हे वाक्य बाहेर पडताच जसंच्या तसं लिहून ठेवा.

त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी, मुलाखतीचं बोलावणं आलेल्या ईमेललाच उत्तर द्या, म्हणजे जुना संदर्भ सोबत राहतो. मजकूर एवढाच:

“आजच्या मुलाखतीबद्दल आभार. बँकेचा ताळमेळ स्वतंत्रपणे करण्याचा अनुभव हवा, हे लक्षात आलं. तशी किंवा लेखा विभागातली दुसरी जागा निघाल्यास कृपया कळवावं. रेझ्युमे सोबत जोडला आहे.”

साठवलेले रेझ्युमे सहसा कुणी एकेक करून वाचत बसत नाही. जागा निघाली की शब्द टाकून शोधतात. म्हणून ते काम खरोखर हाताखालून गेलं, की “बँक ताळमेळ” हे शब्द, किती खाती आणि किती महिने, हे रेझ्युमेत घालून त्याच ईमेलच्या साखळीत नवी प्रत पाठवा. सांगण्यासारखं नवं काही नसेल तर नुसती आठवण करून देऊ नका.

त्याच ठिकाणची नवी जाहिरात दिसली तर “रेझ्युमे आहेच त्यांच्याकडे” म्हणून थांबू नका. नव्याने अर्ज करा आणि आधीच्या मुलाखतीचा महिना व पद त्यात एका ओळीत लिहा.