बॅचचा तपासणी अहवाल लिहायला बसण्याआधी

इंटर्नशिपमध्ये पहिला क्वालिटी रिपोर्ट लिहायला सांगितला जातो, तेव्हा बहुतेक जण आधी रिकामी फाइल उघडतात. फाइल सगळ्यात शेवटी उघडा. त्याआधी कोणकोणती तयारी हवी, ते एकाच बॅचच्या उदाहरणातून लिहितो. बॅच अशी: लेथवर कातलेल्या २४०० स्टीलच्या पिना, चार बिनमध्ये प्रत्येकी ६००. ड्रॉइंगवर व्यास १२.०० मिमी, अधिक-उणे ०.०५. म्हणजे ११.९५ ते १२.०५ मधली पिन चांगली, बाहेरची खराब.

पहिली तयारी म्हणजे रिपोर्ट कोण वाचणार आणि वाचून काय करणार, हे विचारून घेणे. आपला रिपोर्ट क्वालिटीचे साहेब वाचतीलच, पण त्यांच्याआधी तो पॅकिंगच्या आणि डिस्पॅचच्या सुपरवायझरच्या हातात पडतो. त्यांना मायक्रोमीटर कसा वाचतात याच्याशी देणेघेणे नाही. गाडी भरायची की थांबवायची, थांबवायची तर कोणत्या बिन बाजूला काढायच्या आणि पुढचा निर्णय कोण देणार, एवढे त्यांना कळायला हवे. त्यांना आधीच भेटा. मी एका सुपरवायझरना विचारले होते, "काका, मागच्या रिपोर्टमधलं काय कळलं नाही?" ते म्हणाले, "पाच पीस खराब लिहिलंय. मग ते पाच काढून बाकीचे पाठवायचे का?" नमुन्यातले पाच आणि बॅचमधले पाच यांतला फरक रिपोर्टमध्ये कुठेच लिहिलेला नव्हता. तो लिहिणे आपले काम आहे, समजून घेणे त्यांच्यावर सोडायचे नाही.

दुसरी तयारी कागदांची. ड्रॉइंगची चालू आवृत्ती, बॅच कार्ड, ज्या मशीनवर माल निघाला तिथली टूल बदलल्याची नोंद आणि सॅम्पलिंगचा तक्ता. ड्रॉइंगचा आवृत्ती क्रमांक बॅच कार्डावरच्या क्रमांकाशी जुळवून बघा. जुन्या ड्रॉइंगवर तपासलेली बॅच कितीही काळजीपूर्वक मोजली तरी रिपोर्ट बाद होतो. या पिना ज्या भोकात बसणार, त्या भागाचे ड्रॉइंगही मागून घ्या. आमच्या उदाहरणात भोकाचा कमीत कमी व्यास १२.०६ मिमी आहे. हा एक आकडा पुढे फार कामाला येतो.

तिसरी तयारी मोजण्याच्या साधनाची, आणि इथे वेळ लागला तरी घाई करू नका. मायक्रोमीटरवर कॅलिब्रेशनचे स्टिकर आहे का आणि त्याची मुदत उरली आहे का, ते बघा. मग जबडे पुसून, रॅचेटने बंद करून शून्य बघा आणि १२ मिमीच्या आसपासच्या स्लिप गेजवर एक रीडिंग घ्या. हे मी पहिल्या दिवशी केले नव्हते. मायक्रोमीटर बंद असतानाच ०.०१ दाखवत होता, म्हणजे प्रत्येक पिन खऱ्यापेक्षा ०.०१ ने जाड दिसत होती. प्रत्यक्षात १२.०५ असलेली चांगली पिन मी १२.०६ लिहून खराब ठरवत होतो. ते लक्षात आले तेव्हा १२५ रीडिंग झाली होती. ती सगळी पुन्हा घेतली. तेव्हापासून रिपोर्टमध्ये एक ओळ ठेवतो: "मोजणीआधी आणि मोजणीनंतर शून्य तपासले, फरक नाही." दोन्ही वेळा तपासा, कारण साधन मधेच कुठे पडले असेल तर तेही यातच कळते. मशीनवरून नुकतीच निघालेली गरम पिन लगेच मोजू नका. मापाचे ठरलेले तापमान २० अंश सेल्सिअस आहे. १२ मिमीची स्टीलची पिन त्याहून ४० अंशांनी गरम असेल तर साधारण ०.००५ मिमीने फुगते. मधल्या मापांना याने फरक पडत नाही, पण अगदी सीमेवरची पिन इकडची तिकडे होऊ शकते.

आता नमुना. आयएसओ २८५९-१ या मानकाच्या तक्त्यात १२०१ ते ३२०० नगांच्या बॅचला, नेहमीच्या दुसऱ्या पातळीवर, १२५ नग काढायचे असतात. स्वीकार पातळी १.० ठरलेली असेल तर ३ खराब निघेपर्यंत बॅच मंजूर, ४ निघाले की नामंजूर. आपल्या कारखान्यात कोणती पातळी ठरली आहे ते कंट्रोल प्लॅनमध्ये लिहिलेले असते. ते बघूनच लिहा, अंदाजाने नको. आणि १२५ नग वरच्या बिनमधून मूठभर उचलू नका. चारही बिनमधून, वरून, मधून, तळातून घ्या, आणि कोणता नग कोणत्या बिनचा ते रीडिंगच्या पुढे लिहा. ही छोटी नोंद नसेल तर पुढचे सगळे हातातून निसटते.

आमच्या बॅचमध्ये ते असे दिसले. पहिल्या बिनचे ३१ नग ११.९९ ते १२.०१ मध्ये. दुसऱ्या बिनचे ३१ नग १२.०० ते १२.०२. तिसऱ्या बिनचे ३१ नग १२.०१ ते १२.०४. चौथ्या बिनचे ३२ नग १२.०३ ते १२.०७, आणि त्यांतले ५ नग १२.०५ च्या वर. एकूण ५ खराब, म्हणजे बॅच नामंजूर.

नियमाचे उत्तर इथेच मिळाले. पण सुपरवायझरना उपयोगी पडेल ते याच्या खाली दडलेले आहे. सरासरी काढून "४ टक्के दोष" असे लिहिले तर दोष सगळ्या २४०० पिनांमध्ये सारखे विखुरलेत असे वाटते. प्रत्यक्षात पाचही चौथ्या बिनमध्ये आहेत, तिथे प्रमाण ३२ मध्ये ५ पडते. शिवाय माप बिनागणिक वाढत गेले आहे. बाहेरचा व्यास कातताना टूलचे टोक झिजले की पिन हळूहळू जाड निघते. टूलच्या नोंदीत सकाळपासून इन्सर्ट बदलल्याची नोंद नव्हती. हे दोन्ही एकमेकांशी जुळते, तरी रिपोर्टमध्ये "कारण: टूल झिजले" असे ठाम लिहू नका. "संभाव्य कारण" लिहा आणि पुढे तुम्ही काय पाहिले ते लिहा. इन्सर्ट काढून बघितला नसेल तर बघितला नाही असेच लिहायचे.

तिसरी बिन मला जास्त महत्त्वाची वाटते. तिच्यात एकही खराब नग सापडला नाही, म्हणून तिच्यावर लगेच हिरवे लेबल लावायचा मोह होतो. पण तिच्यातले माप १२.०४ पर्यंत चढलेले आहे, माप वाढतच चालले होते, आणि आपण ६०० पैकी फक्त ३१ पिना मोजल्या. तिच्या शेवटी भरलेल्या पिनांमध्ये एखादी १२.०६ असणे सहज शक्य आहे. त्यामुळे चौथ्या बिनसोबत तिसरीही शंभर टक्के मोजावी, असे सुचवा. पहिल्या दोन बिनबद्दलही "निर्दोष" हा शब्द वापरू नका. दोन्ही मिळून ६२ पिनांत दोष सापडला नाही, एवढेच आपल्याला माहीत आहे, आणि तेवढेच लिहा.

एक दबाव येतो, त्याची मनाची तयारी आधीच ठेवा. गाडी उभी असते, आणि कोणीतरी म्हणते, "अजून एक सॅम्पल काढून बघ ना." पुन्हा नमुना काढला तर एखाद वेळी ३ च खराब निघतील, पण त्याने बॅच सुधारत नाही. मंजूर होईपर्यंत नमुने काढत राहिले तर तक्त्याला काही अर्थ उरत नाही. पहिला निकाल तसाच नोंदवा. बॅचचे भाग करून पहिल्या दोन बिन पाठवायच्या का, हा निर्णय क्वालिटी प्रमुखांचा, आणि ग्राहकाशी तसे ठरले असेल तरच. इंटर्नने सुचवायचे, ठरवायचे नाही. रिपोर्टमध्ये हे दोन्ही वेगळे दिसू द्या.

एवढे झाल्यावर फाइल उघडा आणि पहिल्या चार ओळी अशा लिहा की पुढचे पान कोणी उलटले नाही तरी काम अडणार नाही:

"बॅच नामंजूर. चारही बिनना होल्ड टॅग लावावा, डिस्पॅच करू नये. १२५ पैकी ५ पिना ठरलेल्या मापापेक्षा जाड आहेत, मर्यादा ३ ची आहे. सर्वात जाड पिन १२.०७ मिमी आहे, आणि ती १२.०६ च्या भोकात जाणार नाही. हे पाच नग फक्त नमुन्यातले आहेत, त्यामुळे तेवढे काढून बॅच चांगली होणार नाही."

इथे भोकाचा तो आकडा कामाला आला. "०.०२ मिमीने जास्त" असे लिहिले तर ज्याचा मोजमापाशी संबंध नाही त्याला ते क्षुल्लक वाटते. केसापेक्षा किती बारीक वगैरे तुलनाही टाळा, त्याने दोष आणखी लहान दिसतो. पिन भोकात जाणार नाही म्हटले की कोणालाही कळते.

त्याखाली बिनवार छोटा तक्ता द्या: बिन, मोजलेले नग, सर्वात लहान, सर्वात मोठे, खराब. पाच रकाने पुरे. १२५ रीडिंगची पूर्ण यादी शेवटी जोडा, मधे नको. मग काय सुचवता ते लिहा. तिसरी आणि चौथी बिन पूर्ण मोजावी. जाड निघालेल्या पिना फेकू नयेत, कारण जास्तीचा धातू काढता येतो. त्या पुन्हा कातायच्या की ग्राइंड करायच्या, ते प्रॉडक्शनने ठरवावे. पिन बारीक निघाली असती तर हा मार्ग नव्हता. आणि पुढची बॅच सुरू करण्याआधी इन्सर्ट तपासावा.

शब्दही एकदा चाळून घ्या. "नॉन-कन्फॉर्मिंग" ऐवजी "मापाबाहेर". "टॉलरन्स" ठेवायला हरकत नाही, तो शॉपमध्ये सगळ्यांच्या तोंडी आहे. "स्वीकार पातळी १.०" लिहिलेत तर शेजारी "१२५ नगांत जास्तीत जास्त ३ खराब चालतात" एवढे लिहा. आणि सहीआधी बॅच नंबर बॅच कार्डाशी अक्षरन् अक्षर जुळवा, कारण डिस्पॅचवाले त्या नंबरावरूनच बिन शोधणार आहेत. नंबर चुकला तर होल्ड टॅग भलत्याच मालावर लागेल आणि या पिना गाडीत चढतील.